अकरा हजारांचा रोखा, दहा हजारांची परतफेड

आमच्या सोसायटीतले एक काका निवृत्तीनंतर रोख्यांच्या नादाला लागले आहेत. शेअर बाजाराची धडधड नको आणि बँकेतल्या ठेवीचं व्याज पुरत नाही, या दोन्हींच्या मधली वाट म्हणून. परवा ते दलालाकडून आलेली एक यादी घेऊन आले. यादीत प्रत्येक रोख्यापुढे तीन-चार टक्केवाऱ्या होत्या. एका बँकेच्या रोख्यावर त्यांनी पेनाने गोल केला होता. "हे बघ," ते म्हणाले, "रोखा एक, आणि दर चार. यातला माझा कुठला?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर देण्यासाठी मी त्यांच्या यादीतला रोखा बाजूला ठेवला आणि एक जुना रोखा काढला, कारण त्याची गोष्ट संपलेली आहे आणि शेवट काय झाला हे ठाऊक आहे. स्टेट बँकेने फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी रोखे विक्रीला काढले होते. त्यातला १५ वर्षांचा रोखा वर्षाला ९.९५ टक्के व्याज देणारा होता. दर्शनी मूल्य १०,००० रुपये, म्हणजे दर वर्षी एका रोख्यामागे ९९५ रुपये. राष्ट्रीय शेअर बाजारात तो नोंदलेला होता आणि एन-५ या मालिकेच्या नावाने ओळखला जायचा. मुदत संपणार होती मार्च २०२६ मध्ये. पण माहितीपत्रकात एक अट होती: १० वर्षं झाली की बँकेला वाटलं तर, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने, ती दर्शनी मूल्य परत करून हे कर्ज मिटवू शकेल. या हक्काला 'कॉल ऑप्शन' म्हणतात. हक्क बँकेचा. रोखा हातात असणाऱ्याला त्यात काही बोलायची सोय नाही. तो 'नको' म्हणू शकत नाही आणि आपणहून 'आता परत द्या' असंही म्हणू शकत नाही.

ज्याने २०११ मध्ये थेट बँकेकडून १०,००० रुपयांना रोखा घेतला, त्याला या अटीने गणितात काही फरक पडत नव्हता. दहा हजार दिले, दहा हजारच परत येणार, दहा वर्षांनी येवोत की पंधरा. जितकी वर्षं पैसे तिथे राहतील तितकी वर्षं ९.९५ टक्के. त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच, की पैसे लवकर परत आले तर पुढे कुठे ठेवायचे.

फरक पडला तो नंतर बाजारातून घेणाऱ्याला. २०११ नंतर हळूहळू व्याजदर उतरले. इतरत्र सात-साडेसात टक्के मिळत असताना पावणेदहा-दहा टक्के देणारा सरकारी बँकेचा कागद कोण दहा हजारांना विकेल? साहजिकच अशा रोख्याचा भाव दर्शनी मूल्याच्या वर जातो. वरच्या रकमेला प्रीमियम म्हणतात, आणि आपल्या सगळ्या गोष्टीचं मूळ या प्रीमियममध्ये आहे.

आता गणितासाठी आपण भाव ११,००० रुपये धरू. हा कुठल्या एका दिवसाचा नोंदलेला भाव नव्हे, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेला गोल आकडा आहे. नुकतंच वर्षाचं व्याज देऊन झालं आहे, कॉलच्या तारखेला तीन वर्षं उरली आहेत आणि मुदतपूर्तीला आठ, असंही धरू. या एका रोख्यावर चार दर लिहिता येतात आणि चारही गणिताने बरोबर असतात.

पहिला ९.९५ टक्के. हा कूपन दर, दर्शनी मूल्यावरचा. आपण दहा हजार नाही, अकरा हजार मोजतो आहोत, त्यामुळे हा आपला दर नव्हेच. दुसरा, ९९५ भागिले ११,०००, म्हणजे ९.०५ टक्के. याला चालू परतावा म्हणतात. हा थोडा जवळचा, पण यात एक मोठी गोष्ट राहून जाते: शेवटी हातात अकरा नाही, दहा हजार येणार आहेत. वरचे हजार रुपये बुडणार आहेत. कोणी फसवल्यामुळे नव्हे. रोख्याची परतफेड दर्शनी मूल्यानेच होते म्हणून. प्रीमियम म्हणजे वाढीव व्याजासाठी आगाऊ मोजलेले पैसे. ते व्याजातून थोडे थोडे वसूल करायचे असतात.

किती वर्षांत वसूल करायचे? इथे तिसरा आणि चौथा दर वेगळे होतात.

रोखा मुदतीपर्यंत, म्हणजे आठ वर्षं चालला, तर हजार रुपयांची तूट आठ वर्षांत विभागली जाईल. वर्षाला १२५ रुपये. ९९५ मधून १२५ वजा केले की ८७० उरले. पण बँकेने तीन वर्षांनी पैसे परत केले, तर तीच तूट तीन वर्षांत भरून काढायची. वर्षाला ३३३ रुपये. उरले ६६२. रोखा तोच, भाव तोच, व्याज तेच. फक्त प्रीमियम फेडायला मिळालेली वर्षं वेगळी. काका इथे थांबले आणि म्हणाले, "म्हणजे आगाऊ भाडं भरून घर घेतलं आणि मालकाने मुदतीआधीच रिकामं करायला लावलं." उपमा चपखल आहे. भर फक्त एवढीच, की मालकाचा तसा हक्क करारात आधीपासून लिहिलेला होता.

हा पाटीवरचा हिशेब झाला. काटेकोर करायचा तर प्रत्येक रक्कम कधी हातात येते हेही धरावं लागतं. ज्या एका व्याजदराने पुढे येणाऱ्या सगळ्या रकमांची आजची किंमत बरोबर ११,००० होते, तो दर शोधायचा. मुदतपूर्तीपर्यंतच्या रकमा धरून जो दर येतो तो 'यील्ड टू मॅच्युरिटी', बाजाराच्या भाषेत वायटीएम. कॉलच्या तारखेपर्यंतच्या रकमा आणि त्या दिवशीची परतफेड धरून येतो तो 'यील्ड टू कॉल', वायटीसी. दोन्हींचं सूत्र एकच आहे. वर्षांचा आकडा आणि शेवटची रक्कम तेवढी बदलते. कागदावर हे अंदाजाने पुढेमागे करून काढावं लागतं, पण ज्यांच्याकडे संगणकावर एक्सेल आहे त्यांना एका ओळीचं काम आहे:

```
=RATE(3, 995, -11000, 10000)
=RATE(8, 995, -11000, 10000)
```

पहिल्या आकड्याच्या जागी उरलेली वर्षं, मग दर वर्षीचं व्याज, मग आज खिशातून जाणारी रक्कम (म्हणून तिच्यामागे वजाचं चिन्ह) आणि शेवटी परत येणारी रक्कम. पहिल्या ओळीचं उत्तर ६.२ टक्के, दुसरीचं ८.२. उत्तर नुसतं ६ किंवा ८ दिसलं, तर त्या चौकटीत दशांश दिसतील अशी सोय करून घ्यावी.

६.२ वर विश्वास बसत नसेल तर उलट मोजून बघता येतं. अकरा हजार एखाद्या खात्यात ६.२ टक्क्यांनी ठेवले आहेत आणि दर वर्षी त्यातून ९९५ काढायचे आहेत, असं समजा. पहिल्या वर्षी व्याज ६८२ रुपये जमा झालं, आपण ९९५ काढले, उरले १०,६८७. दुसऱ्या वर्षी सुमारे ६६३ जमा, ९९५ काढले, उरले १०,३५५. तिसऱ्या वर्षी ६४२ जमा, ९९५ काढले. उरले साधारण १०,००२, म्हणजे दोन रुपयांच्या फरकाने बँकेने परत केलेली रक्कमच. दर वर्षी मिळणाऱ्या ९९५ मध्ये तीनशेहून अधिक रुपये आपलेच होते, आपण आधी भरलेले. ते व्याजाच्या नावाखाली परत येत होते.

काकांच्या यादीत रोख्यापुढे सर्वात मोठ्या अक्षरांत वायटीएम छापलेला होता. विकणाऱ्याला मोठा आकडा आवडतो, त्यात नवल नाही. प्रीमियमवरच्या आणि दर्शनी मूल्याला कॉल होऊ शकणाऱ्या रोख्यात वायटीएम नेहमी वायटीसीपेक्षा मोठाच निघतो, कारण तूट भरायला त्यात जास्त वर्षं मिळतात. भाव दर्शनी मूल्याएवढा असेल तर दोन्ही दर कूपनइतकेच, आणि भाव खाली असेल तर उलटा क्रम: लवकर परतफेड झाली तर फायदा लवकर पदरात पडतो, म्हणून वायटीसी मोठा. जाणकार खरेदीदार यातला जो कमी असेल तो धरून चालतो. त्यालाही नाव आहे, 'यील्ड टू वर्स्ट', म्हणजे वाईटातला वाईट परतावा. बँक बुडाली तर काय, हा हिशेब त्यात नसतो. बँक सगळी देणी वेळेवर देईल हे धरून, तिच्या हातातल्या पर्यायांपैकी आपल्याला सर्वात कमी देणारा कुठला, एवढंच तो सांगतो.

काकांनी इथे रास्त शंका काढली. "कॉल करायलाच हवा असं थोडंच आहे? नाही केला तर ८.२ मिळतील. निम्मी-निम्मी शक्यता धरली तर सात पडतात."

हे ऐकायला समजूतदार वाटतं, आणि चूक नेमकी इथेच होते. कॉल होणं न होणं हा छापा-काटा नाही. बँक कधी कॉल करेल? बाजारात तिला ९.९५ पेक्षा स्वस्त कर्ज मिळत असेल तेव्हा. कधी करणार नाही? नवं कर्ज ९.९५ हून महाग पडत असेल तेव्हा. म्हणजे ८.२ टक्के हातात यायचे असतील तर आधी व्याजदर इतके चढायला हवेत, की १० टक्क्यांचं जुनं कर्ज बँकेला स्वस्त वाटावं. तसे ते चढले, तर बाजारात नवे रोखे दहा-अकरा टक्क्यांनी निघत असतील आणि आपण ८.२ घेऊन बसलेले असू. उलट दर उतरलेलेच राहिले, तर ८.२ टक्के मोलाचे ठरले असते, आणि बँक ते आपल्याला देणार नाही. वायटीएम पदरात पडतो तो बहुधा नकोसा झाल्यावर.

म्हणून दोन्ही दरांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. रोखा घेताना आपण बँकेला एक हक्क विकलेला असतो, दर पाहून निर्णय घेण्याचा. त्याची किंमत म्हणून २०११ मध्ये कूपन थोडं चढं ठेवलेलं असणार. पण अकरा हजारांना रोखा घेणाऱ्याने ते चढं कूपन प्रीमियम भरून विकत घेतलेलं असतं, आणि हक्क मात्र बँकेकडेच राहतो.

स्टेट बँकेच्या या रोख्याबाबत आणखी एक कारण होतं, आणि ते व्याजदराशी संबंधित नव्हतं. ते नुसत्या आकड्यांच्या यादीत कधीच दिसत नाही. हे रोखे साधं कर्ज नव्हतं. बँकेच्या भांडवलात दुय्यम दर्जाचं, 'टिअर टू' भांडवल म्हणून ते मोजले जायचे. बँकेने जितकी कर्जं वाटली त्याच्या प्रमाणात भांडवल ठेवावं लागतं, आणि अशा रोख्यांनी त्याचा काही भाग भागतो. पण नियम असा, की रोख्याची मुदत पाच वर्षांहून कमी उरली की तो भांडवल म्हणून पूर्ण मोजायचा नाही. दर वर्षी वीस-वीस टक्के कमी करत न्यायचा. पंधरा वर्षांचा रोखा, दहा वर्षांनी कॉल. म्हणजे कॉलची तारीख बरोबर त्या ठिकाणी येते जिथून रोख्याचं भांडवल म्हणून मोल घसरायला लागतं. त्याच्याही वर, २०१३ पासून आपल्याकडे बाझल-३ नावाचे नवे भांडवली नियम लागू झाले, आणि जुन्या धाटणीच्या अशा रोख्यांची गणना दर वर्षी टप्प्याटप्प्याने उतरवली जात होती. मार्च २०२१ नंतर हा रोखा चालू ठेवणं म्हणजे भांडवलाचा पूर्ण लाभ नसलेल्या पैशाला ९.९५ टक्के मोजणं. असं कोणती बँक करेल?

२०२०-२१ मध्ये तर दोन्ही कारणं एकत्र आली. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. स्टेट बँक नवे टिअर टू रोखे सहा टक्क्यांच्या आसपास विकत होती. मार्च २०२१ मध्ये दहा वर्षं भरताच तिने कॉलचा हक्क वापरला आणि दर्शनी मूल्य परत केलं. ज्यांनी प्रीमियम भरला होता त्यांना मिळालेला परतावा वायटीसीच्या ओळीवर उतरला. वायटीएमच्या ओळीतली पुढची पाच वर्षं आलीच नाहीत.

अर्थात बाजारातल्या मोठ्या मंडळींना हे आधीच दिसत होतं. एखाद्या मजबूत सरकारी बँकेचा रोखा ८.२ टक्के वायटीएम दाखवतो आणि त्याच प्रतीचे, बिनकॉलचे रोखे सहा-साडेसहा देतात, असं दिसलं तर तो स्वस्त सौदा इतरांच्या नजरेतून सुटलेला नसतो. बाजाराने कॉल होणारच असं धरून भाव लावलेला असतो. दोन दरांमधली मोठी फट म्हणजे बाजाराने दिलेला इशारा समजावा.

कॉलची तारीख जवळ येते तशी ही फट रुंदावत जाते, आणि खरा घोटाळा होतो तो तिथे. आपल्या उदाहरणात भाव ११,००० वरच राहिला आणि कॉलला तीनाऐवजी एकच वर्ष उरलं, असं धरा. मुदतपूर्तीला सहा वर्षं आहेत, त्यामुळे वायटीएम निघतो ७.८ टक्के. यादीत तो अगदी सभ्य दिसेल. पण वर्षभराने कॉल झाला तर हातात काय? १०,००० मुद्दल आणि ९९५ व्याज, एकूण १०,९९५. अकरा हजार देऊन वर्षभर थांबायचं आणि पाच रुपये कमी घेऊन परत यायचं. वायटीसी शून्याच्याही किंचित खाली. दोन्ही आकडे एकाच दिवशी, एकाच भावावर बरोबर आहेत. म्हणूनच शहाणा बाजार कॉल जवळ आला की असा भाव टिकू देत नाही; तो दर्शनी मूल्याकडे सरकत येतो. व्याजदर आणखी उतरले म्हणून साधा रोखा महाग होईल, हा मात्र होत नाही. डोक्यावर छप्पर असतं. वर जायला जागा नाही आणि दर चढले तर खाली यायला मोकळीक आहे.

भाव बघताना आणखी एक फसगत होते. शेअर बाजाराच्या पडद्यावर असे किरकोळ रोखे विकले जातात तेव्हा दाखवलेल्या भावात साचलेलं व्याज धरलेलं असतं. शेवटचं व्याज देऊन अकरा महिने झाले असतील, तर ९९५ पैकी सुमारे ९१२ रुपये त्या भावात आधीच बसलेले असतात. म्हणजे पडद्यावर ११,५०० दिसलं तरी खरा प्रीमियम ५८८ रुपयांचाच. व्याजाची नोंद तारीख उलटली की भाव तेवढ्याने खाली येतो, आणि नवखा माणूस 'रोखा पडला' म्हणून घाबरतो. मी वर 'नुकतंच व्याज देऊन झालं आहे' असं धरलं ते याच भानगडीतून सुटण्यासाठी. प्रत्यक्षात तारखा अध्येमध्ये येतात, तेव्हा `RATE` पुरत नाही. प्रत्येक रकमेपुढे तारीख घालून `XIRR` वापरावं लागतं.

प्राप्तिकराचाही एक काटा आहे, आणि प्रीमियमवरच्या रोख्यात तो खोल रुततो. ९९५ रुपयांतले तीनशे आपलेच परत येतात हे आपण पाहिलं, पण कर खात्याच्या लेखी ते सगळं व्याजच. पूर्ण ९९५ उत्पन्नात धरले जातात. शेवटी जे हजार रुपये बुडतात तो भांडवली तोटा, आणि तो व्याजातून वजा होत नाही. दुसरीकडे भांडवली नफा असेल तरच त्यात वळता करता येतो. ३० टक्के कराच्या पायरीवरचा माणूस घ्या, उपकर तूर्त सोडून द्या. त्याच्या हाती वर्षाला ६९६ रुपये ५० पैसे उरतात. तोटा वळता करायला काही नसेल, तर तीन वर्षांच्या कॉलचा करोत्तर परतावा ३.४ टक्के. त्याच माणसाने दहा हजारांनाच मिळणारा ६.२ टक्क्यांचा साधा रोखा घेतला असता तर कर जाऊन ४.३ उरले असते. करपूर्व दर दोन्हीकडे तोच, ६.२. करमुक्त रोख्यांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक कंपन्यांनी काढलेले ते रोखे प्रीमियमवर असले तरी व्याजावर कर नाही, आणि त्यांना सहसा कॉलची अटही नसते, त्यामुळे तिथे वायटीएम हाच बघायचा दर.

इतकं ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग कायम कॉलची तारीख धरावी आणि मोकळं व्हावं. तेही बिनधोक नाही. बँकांचे 'एटी-वन' नावाचे रोखे असतात. त्यांना मुदतच नसते, फक्त कॉलच्या तारखा असतात. कित्येक वर्षं ते जणू पाच वर्षांचे रोखे आहेत अशा थाटात विकले आणि मोजले गेले. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या बचाव योजनेत असे ८,४१५ कोटी रुपयांचे रोखे पूर्ण पुसून टाकले गेले, आणि पाच वर्षांनी बँक नक्की कॉल करेल हे गृहीतक किती पातळ होतं ते दिसलं. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांना सांगितलं, की अशा रोख्यांची मुदत १०० वर्षांची धरा. गदारोळ झाला, मग ते टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं. सांगायचा मुद्दा असा, की वायटीसी हा तिथे आशावादी आकडा होता. आपल्या प्रीमियमवरच्या रोख्यात तो सावध आकडा आहे. त्यामुळे दराच्या नावावरून काही ठरवता येत नाही; दोन्ही काढायचे आणि लहान कुठला ते बघायचं. काही रोख्यांत कॉलच्या वेळी दर्शनी मूल्याहून थोडी जास्त रक्कम द्यायची अट असते, काहींत कॉलच्या एकाहून अधिक तारखा असतात. मग प्रत्येक तारखेचा दर वेगळा काढावा लागतो, आणि त्या त्या तारखेची परतफेडीची रक्कम `RATE` मधल्या शेवटच्या जागी घालावी लागते.

काकांना हे पटलं, पण त्यांचा स्वभाव हिशेबी. ते म्हणाले, "दर कळला. पण मला सात टक्के हवे असतील तर मी भाव किती द्यायचा?"

हा प्रश्न मला जास्त आवडला. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवरून दर काढत बसण्यापेक्षा आपला दर ठरवून किंमत सांगणं बरं. त्यासाठी तेच सूत्र उलटं फिरवायचं:

```
=PV(7%, 3, -995, -10000)
```

उत्तर आलं १०,७७४ रुपये. तीन वर्षांनी कॉल होणार हे धरून सात टक्के हवे असतील, तर त्या जुन्या रोख्याला एवढेच द्यायचे. कॉल झाला नाही तर दर सातच्या वर जाईल, खाली येणार नाही.

काकांनी मग आपल्या यादीतल्या गोल केलेल्या रोख्याकडे बोट दाखवलं. त्यापुढे कूपन होतं, भाव होता, मुदतपूर्तीची तारीख होती, वायटीएम होता. कॉलचा रकाना नव्हता. त्यांनी तिथूनच दलालाला फोन लावला आणि विचारलं, "याला कॉल आहे का हो? कधी, आणि किती रुपयांना?" पलीकडून थोडा वेळ कागदांची खसखस ऐकू आली. मग उत्तर आलं, "माहितीपत्रक बघून कळवतो, काका."

काका फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तो कळवेपर्यंत," ते म्हणाले, "मीच ते माहितीपत्रक उघडतो. कुठल्या पानावर असतं म्हणालास?"